आमची वाटचाल : टॉवेलचा हिशेब आणि ब्राउझरचा कन्सोल

सोलापुरात वेबसाइटचं काम म्हणजे सुरुवातीला लग्नाच्या मंगल कार्यालयांची पानं आणि क्लासेसच्या जाहिराती, एवढंच होतं. उधारी भरपूर. धंद्याला वळण लागलं ते चादर-टॉवेलवाल्यांच्या ऑर्डर फॉर्मनी.

एका ठोक व्यापाऱ्याचा फॉर्म दुसऱ्या कुणीतरी करून दिलेला. अधूनमधून एकूण रकमेच्या जागी NaN, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, असं यायचं. गंमत म्हणजे दिवाणजी हातानं नग टाकायचे तेव्हा हिशेब बरोबर. व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरमधून नग कॉपी करून चिकटवले की बिघडायचा.

सोर्स कोड आमच्याकडे नव्हता, म्हणून तिथेच बसून राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलं. नगांच्या चौकटीवरच राइट क्लिक करून इन्स्पेक्ट निवडलं की ती एलिमेंट्समध्ये निवडली जाते आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवायच्या जागी, `$0` म्हणजे तीच चौकट. `$0.value` लिहून एंटर मारलं, तर उत्तर आलं `'१२'`. ऑर्डर देणाऱ्याचा कीबोर्ड मराठी होता. जावास्क्रिप्टच्या `Number`ला फक्त 0 ते 9 हेच अंक समजतात.

```
Number("१२")       // NaN
parseInt("1,250")  // 1
```

दुसरी ओळ सहज करून पाहिली होती, आणि खरा घाम तिनं फोडला. `parseInt` स्वल्पविरामाशी थांबतं आणि मुकाट्यानं 1 देतं. NaN निदान दिसतो तरी. साडेबाराशे नगांचा एक नग झालेला कोण पकडणार?

मग उपायही तिथेच करून पाहिला:

```
$0.value.replace(/[०-९]/g, d => "०१२३४५६७८९".indexOf(d)).replace(/,/g, "")
```

उत्तर आलं `'12'`. अवतरणचिन्हं दिसतात, म्हणजे हा अजून मजकूरच आहे. तो `Number()`मध्ये घातला की आकडा होतो. "१२ डझन" टाकून पाहिलं, तर पुन्हा NaN. तो तसाच राहू दिला. डझन की नग, हे माणसानंच विचारलेलं बरं.

दिवाणजी म्हणाले, "झालं की मग!" झालं नव्हतं. कन्सोलमध्ये केलेलं त्या टॅबपुरतंच असतं, पान रिफ्रेश केलं की गेलं. `$0` फक्त कन्सोलमध्येच चालतं, म्हणून त्याच्या जागी त्या चौकटीचा संदर्भ देऊन हीच ओळ फॉर्मच्या फाइलमध्ये घालून सर्व्हरवर चढवावी लागली. त्या कामातूनच व्यापाऱ्यानं पुढची देखभाल आम्हाला दिली आणि त्याच्या ओळखीनं आणखी गिऱ्हाइकं आली.

नवीन मुलांना आम्ही गिऱ्हाइकाच्या चालू पानावरच कन्सोल उघडायला लावतो. क्रोम पहिल्यांदा कोड चिकटवू देत नाही, `allow pasting` टाइप करायला लावतो. तो अडथळा आम्हाला आवडतो, कारण कुणीतरी पाठवलेला कोड न वाचता चिकटवला तर तो तुमच्या लॉगिननं काहीही करू शकतो.

आणि कन्सोल गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाकडेही असतोच. पानावरचा दर त्यालाही बदलता येतो. म्हणून रक्कम सर्व्हरवर पुन्हा मोजायची, ही अट आता आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये असते, आणि तिचे पैसे आम्ही कमी करत नाही.