व्याज आधी दाखवा, मुद्दल मग मागा

«स्प्रिंटमधला थोडा वेळ टेक्निकल डेटसाठी राखून ठेवू म्हटलं की आमचे स्पॉन्सर म्हणतात, "म्हणजे पैसे आमचे आणि साफसफाई तुमची!" तुम्ही तुमच्याकडे हे कसं पटवलंत?»

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पहिली काही वर्षं मी पटवायच्या भानगडीतच पडलो नाही. चोरून करायचो. दीड दिवसाच्या कामाला तीन दिवस लावायचे आणि उरलेल्या वेळात जुना कोड नीट करायचा. एकदा स्क्रीनवरच्या एका लेबलचा मजकूर बदलायला दोन दिवस लिहिले आणि नेमकं तेच स्पॉन्सर मॅडमच्या नजरेस पडलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे सहा महिने प्रत्येक अंदाजावर "यात नक्की काय काय आहे?" हा प्रश्न ठरलेला. त्यांचं चुकत होतं असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

आम्ही कर्ज देणाऱ्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर सांभाळायचो. आम्ही सहा जण, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. मीटिंगा आणि रजा वजा जाता हातात साधारण ४८ माणूस-दिवस उरायचे. मॅडम स्वतः क्रेडिटमधून वर आलेल्या. त्यांच्यापुढे 'डेट' हा शब्द जपून वापरावा लागे, कारण कर्ज म्हटलं की त्यांचे तीन प्रश्न तयार असत: किती, व्याज काय, फेड कधी? आम्ही मात्र 'कोड खराब झालाय' यापलीकडे जात नव्हतो. गंमत म्हणजे ही कर्जाची उपमा वॉर्ड कनिंगहॅमनं १९९२ मध्ये मांडली, तीही आर्थिक गुंतवणुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करताना, आपल्या वरिष्ठांना त्यांच्या भाषेत कळावं म्हणून. आम्ही त्यातलं 'कर्ज' तेवढं उचललं आणि व्याजाचा हिशेब ठेवायचा विसरलो.

डोळे उघडले ते एका किरकोळ मागणीनं. हप्ता चुकल्यावर दंड लागण्याआधी मिळणारे ग्रेस डेज एका उत्पादनासाठी तीनाचे पाच करायचे होते. एक आकडा बदलायचा, एवढंच. त्याला साडेचार दिवस लागले. दंडाचं गणित चार ठिकाणी लिहिलेलं होतं: रात्रीच्या बॅचमध्ये, फोरक्लोजरची रक्कम दाखवणाऱ्या स्क्रीनमध्ये, ग्राहकाच्या स्टेटमेंटमध्ये आणि वसुलीच्या ॲपसाठी लिहिलेल्या एका स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये. ती ठिकाणं शोधण्यात एक दिवस गेला. बदल अर्ध्या दिवसात झाला. मग टेस्टर ताईंनी चाळीस खाती एक्सेलमध्ये घेऊन दीड दिवस हातानं ताळा केला आणि स्टेटमेंटमध्ये ४२ पैशांचा फरक निघाला. बॅच रोजच्या रोज राउंड ऑफ करत होती, स्टेटमेंट महिनाअखेरीला एकदाच. ते निस्तरायला आणखी एक दिवस आणि रिलीजला अर्धा. गणित एकाच ठिकाणी असतं आणि त्याला आपोआप चालणाऱ्या चाचण्या असत्या, तर हे काम दीड दिवसाचं होतं. उरलेले तीन दिवस म्हणजे व्याज.

त्यानंतर तीन स्प्रिंट आम्ही कोणाकडे काही मागितलं नाही, फक्त नोंद ठेवली. स्टँडअपमध्ये कोणी म्हणालं की "अमुक कारणानं जास्त वेळ गेला", तर त्याच तिकिटावर 'व्याज' असा टॅग आणि वाया गेलेला वेळ अर्ध्या दिवसाच्या मापात. नियम एकच: मागितलेल्या कामाशी ज्याचा संबंध नाही, तोच वेळ धरायचा. काम मुळातच अवघड होतं म्हणून लागलेला वेळ यात येत नाही. हे कटाक्षानं पाळावं लागतं, नाहीतर प्रत्येक उशिराचं खापर जुन्या कोडवर फुटतं आणि आकड्यांवरचा विश्वास पहिल्याच बैठकीत उडतो. शिवाय कोणत्या फायली सारख्या उघडाव्या लागतात, तेही पाहिलं:

```
git log --since="6 months ago" --format= --name-only | grep . | sort | uniq -c | sort -rn | head -20
```

ही आज्ञा सहा महिन्यांत सर्वात जास्त वेळा बदललेल्या वीस फायली दाखवते. वर सहसा कॉन्फिगरेशनच्या फायली येतात, त्या सोडून द्यायच्या. आमच्या यादीत पहिल्या दहांत तीन फायली दंडाच्या गणिताच्या होत्या. तीन स्प्रिंटच्या १४४ दिवसांपैकी ३१ दिवस व्याजात गेले होते आणि त्यातले १९ एकट्या दंडाच्या गणितानं खाल्ले होते. घोडं कुठं पेंड खातंय ते आता कागदावर होतं.

तेवढ्यात १८ ऑगस्ट २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. कर्जावर दंडव्याज लावायचं नाही. दंड घ्यायचाच तर तो वेगळं शुल्क म्हणून घ्यायचा, तो मुद्दलात मिळवायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही. मुदत आधी १ जानेवारी २०२४ होती, पुढे नव्या कर्जांसाठी ती १ एप्रिल झाली. म्हणजे ज्या चार जागांनी आम्हाला छळलं होतं, त्याच चार जागा उघडणं आता मॅडमनाच भाग होतं. मागणी करायची वेळ हीच. स्पॉन्सरला हव्या असलेल्या कामाच्या वाटेत जे कर्ज आडवं येतं, तेच आधी मागावं. बाकीचं कितीही कुरूप असलं तरी थांबू शकतं.

बैठकीत मी 'टेक्निकल डेट' आणि 'रीफॅक्टरिंग' हे शब्द काढलेच नाहीत. ग्रेस डेजच्या साडेचार दिवसांची फोड, ३१ आणि १९ हे आकडे, आणि मागणी: चार स्प्रिंट, प्रत्येकी सहा दिवस, एकूण २४. मॅडमनी सरळ विचारलं, "हे पहिल्यांदाच नीट का नाही केलंत?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, तो येतोच. आमच्या बाबतीत दोन जागा घाईत ठरवून केलेली नक्कल होती, मार्चअखेरच्या लाँचसाठी, आणि तेव्हाच्या स्पॉन्सरांना ते सांगितलेलं होतं. उरलेल्या दोन आमचा निव्वळ हलगर्जीपणा. मी दोन्ही तसंच सांगितलं. "हलगर्जीपणाचे पैसे मी का देऊ?" असं त्या म्हणाल्या, आणि मी म्हणालो की देऊ नका म्हणालात तरी दर स्प्रिंटला सहा दिवस तुम्ही आत्ताही देतच आहात. मग त्या थोडा वेळ कागदाकडे बघत बसल्या. होकार मिळाला, पण अट घालून: दुसऱ्या स्प्रिंटनंतर दाखवण्यासारखं काही नसेल तर बंद.

आता वेळ राखायची रीत. सहा दिवस प्लॅनिंगच्या आधीच क्षमतेतून वजा करायचे, ४८ ऐवजी ४२ धरून बाकीचं काम घ्यायचं. प्लॅनिंगच्या शेवटी 'उरलं तर' म्हणून ठेवलेला वेळ कधीच उरत नाही. या कामांना स्टोरी पॉइंट द्यायचे नाहीत. दिले तर व्हेलॉसिटी तेवढीच दिसते आणि स्पॉन्सरला वाटतं की नवं काम कमी होऊनही आपल्याला आकडा फुगवून दाखवला. पण कार्ड त्याच बॅकलॉगमध्ये, प्रॉडक्ट ओनरच्या नजरेसमोर, आणि त्याचं नाव त्यांना कळेल असं. 'पेनल्टी सर्व्हिस एक्स्ट्रॅक्ट करणे' असं लिहाल तर पुन्हा साफसफाईच वाटेल. आम्ही लिहिलं: 'दंडाचा नियम एका जागी बदलला की बॅच आणि फोरक्लोजर दोन्हीकडे लागू'.

पहिल्या स्प्रिंटमध्ये कोडला हातच लावला नाही. नावं-नंबर काढून टाकलेली दोनशे खाती जुन्या गणितातून चालवली आणि जे उत्तर येईल, चूक असलं तरी, ते चाचणी म्हणून गोठवून ठेवलं. आपण काही मोडलं तर ते लगेच कळावं म्हणून. दुसऱ्यात गणित एका जागी आणून बॅच त्याच्याकडे वळवली, तिसऱ्यात फोरक्लोजर, चौथ्यात स्टेटमेंट, आणि शेवटी ती स्टोअर्ड प्रोसीजर उडवली. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे रिलीज होणारा होता. मॅडमनी मध्येच थांबवलं असतं तरी तोवर केलेलं वाया गेलं नसतं. दुसऱ्या स्प्रिंटच्या रिव्ह्यूत त्यांच्यासमोर दराचा आकडा बदलून दोनशे खात्यांचा ताळा काही मिनिटांत करून दाखवला. पूर्वी चाळीस खात्यांना दीड दिवस लागायचा, हे टेस्टर ताईंनीच सांगितलं. ते माझ्या तोंडून आलं असतं तर इतकं लागू पडलं नसतं.

तिसऱ्या स्प्रिंटमध्ये गडबड झालीच. प्रॉडक्शनमध्ये एक अडचण आली आणि राखलेले सहाच्या सहा दिवस त्यात गेले. राखीव वेळ अशीच मरते. कोणी रद्द करत नाही, तिचा बफर होतो. आम्ही आधीच ठरवलं होतं की किती दिवस दुसरीकडे गेले ते रिव्ह्यूत सांगायचं आणि सलग दोनदा असं झालं तर राखीव ठेवायचं नाटक थांबवून स्पॉन्सरशी नव्यानं बोलायचं. सांगितल्यावर मॅडमनीच चारऐवजी पाच स्प्रिंट करून दिले. उलट बाजूचा धोकाही होता. आमच्यातला एक जण या दिवसांत लॉगिंगची लायब्ररी बदलायला बसला होता, कारण त्याला जुनी आवडत नव्हती. ज्या कामाच्या नावावर टॅगमध्ये व्याज जमलेलं नाही, ते या वेळेत घ्यायचं नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

फेड झाल्यावर पुढच्या तीन स्प्रिंटमध्ये दंडाच्या गणितावरचं व्याज १९ दिवसांवरून ४ वर आलं. म्हणजे स्प्रिंटमागे पाच दिवस वाचले आणि २४ दिवस सुटायला जवळजवळ पाच स्प्रिंट लागणार होते. लगेच फायदा झाला असं मी सांगितलं नाही. त्या काळात नवी कामं कमी झाली होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. नव्या शुल्काचा नियम मात्र एका जागी बसला, आणि त्या वेळी पैशांचा फरक निघाला नाही.

शाखांना जाणाऱ्या पत्रांचा आमचा एक मोड्यूल आहे. हजारभर ओळींचं एकच फंक्शन, वर कोणीतरी 'तात्पुरतं' अशी टिप्पणी लिहून ठेवलेली. नवीन येणारा प्रत्येक जण ते पाहून कपाळाला हात लावतो आणि विचारतो की हे कधी घेणार. गेल्या तीन वर्षांत त्या फाइलमध्ये दोनदा बदल झाला, दोन्ही वेळा पत्त्याची ओळ. व्याजाचा टॅग त्यावर एकदाही लागलेला नाही, म्हणून ते अजून तसंच आहे.