भंगाराचे बिल आणि एप्रिलची तारीख

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचे हिशेब मी पाहतो. 15 एप्रिल 2025 रोजी मार्चचे जीएसटी विवरणपत्र भरण्यासाठी नोंदणी नसलेल्या पुरवठादारांची खाती उघडली, तेव्हा आमच्या नव्या सहकाऱ्याने सुताराकडून घेतलेल्या लाकडी पॅटर्नवर पुरवठादाराऐवजी खरेदीदाराने भरायचा कर, म्हणजे रिव्हर्स चार्ज किंवा आरसीएम, लावलेला दिसला; मात्र 12 डिसेंबर 2024 रोजी आलेल्या दोन लाखांच्या लोखंडी भंगारावर कराची नोंदच नव्हती.

पुरवठादाराची नोंदणी नाही म्हणजे खरेदीदाराने कर भरायचा, हा सरसकट नियम 2017 मध्ये काही महिनेच चालला आणि 13 ऑक्टोबर 2017 पासून स्थगित झाला, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. आता आमच्यासारख्या कारखान्याने वस्तू अधिसूचित आहे का, हे पाहावे लागते. नोंदणी नसलेल्याकडून घेतलेले धातूचे भंगार 10 ऑक्टोबर 2024 पासून त्या यादीत आहे. लाकडी पॅटर्न नाही. म्हणून पॅटर्नची नोंद उलटवली आणि भंगारावर 18 टक्के दराने 36,000 रुपयांचे देणे उभे केले.

"सर, सेल्फ इनव्हॉइसवर डिसेंबरचीच तारीख घालू या का?" सहकाऱ्याने विचारले. मी स्पष्ट नकार दिला. माल मिळाल्यापासून 30 दिवसांत ते बिल आपणच काढायला हवे होते. ते राहून गेले, आणि उशीर झाकण्यासाठी खोटी तारीख घालणे मला मान्य नव्हते. उशिराबद्दल दंड होऊ शकतो, हे मी मालकांना त्याच दिवशी सांगितले.

पुस्तकात 31 मार्चच्या तारखेने सीजीएसटी आणि एसजीएसटीचे प्रत्येकी 18,000 रुपये 'आरसीएम क्रेडिट – अद्याप न घेतलेले' या खात्याला नावे टाकले आणि तेवढीच रक्कम 'आरसीएम कर देय' या खात्याला जमा केली. भंगारवाल्याच्या खात्यावर दोन लाखच राहिले, कारण कर त्याला द्यायचा नसतो. 17 एप्रिलला मार्चच्या विवरणपत्रात `3.1(d)` मध्ये रक्कम दाखवून कर रोख खात्यातून भरला. खरेदीवर भरलेल्या कराचे शिल्लक क्रेडिट कितीही असले तरी हा कर त्यातून फेडता येत नाही. डिसेंबरच्या विवरणपत्राची वाढवलेली मुदत 22 जानेवारीला संपली होती, म्हणून 85 दिवसांचे 1,509 रुपये व्याजही भरले आणि ते खर्चात टाकले, कारण व्याजाचे क्रेडिट मिळत नाही.

क्रेडिट त्याच विवरणपत्रात घ्यावे का, यावर मी बराच विचार केला. एरवी वेळेवर बिल काढले, की ज्या महिन्याच्या विवरणपत्रात कर भरतो त्यातच `4(A)(3)` मध्ये क्रेडिट घेता येते. येथे मात्र कर मार्चच्या विवरणपत्रात भरलेला आणि बिल 15 एप्रिलचे, म्हणून मी ते एप्रिलच्या विवरणपत्रात घेतले. मुदतीची चिंता नव्हती: 26 जून 2024 च्या परिपत्रकानुसार अशा खरेदीत आपण बिल काढतो ते आर्थिक वर्ष धरले जाते, त्यामुळे आम्हाला 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत अवधी होता. मे महिन्यात ते विवरणपत्र भरल्यावर 'अद्याप न घेतलेले' खाते शून्यावर आले.