प्लिंथमध्ये मुरूम किती ब्रास लागेल?

"प्लिंथ ३० बाय ४०, उंची ३ फूट. म्हणजे ३६ ब्रास मुरूम मागवू ना?"

नको, ८ ब्रास उरेल आणि दारात ढीग पडून राहील. तुम्ही बाहेरून बाहेर माप घेतलंय आणि उंची थेट जमिनीपासून फ्लोअरिंगपर्यंत धरलीय, पण भरणी तेवढ्या सगळ्यात होतच नाही. तुमच्या प्लॅनमध्ये ४ सारख्या खोल्या आहेत, म्हणजे दोन्ही दिशांना ९ इंची ३-३ भिंती, त्या वजा केल्या की आतलं माप २७.७५ बाय ३७.७५ राहतं, साधारण १०४८ चौरस फूट. आता उंची. वरची काळी माती ४ इंच खरवडून काढली म्हणजे खोली झाली ३ फूट ४ इंच, त्यातून टाइल आणि तिच्याखालचा मसाला ३ इंच, पीसीसी ४, सोलिंग ९, असे १६ इंच गेले. उरले बरोबर २ फूट. म्हणजे २०९६ घनफूट, २१ ब्रास.

पण हे २१ ब्रास म्हणजे चोपून बसलेला मुरूम, आणि गाडीतून येतो तो भुसभुशीत. खडे आणि बारीक मातीच्या मधे हवा असते, पाणी मारून धुम्मस चालवली की ती निघते आणि थर खाली बसतो. आता इथे जवळजवळ सगळेच चुकतात (मी पण पहिल्या वर्षी चुकलोय). मुरूम २५ टक्के बसतो असं कळलं की लोक २१ मध्ये २५ टक्के मिळवतात, २६ च्या आसपास येतं. पण बसतो तो आणलेल्या मालाच्या २५ टक्के, म्हणजे आणलेल्यातला ७५ टक्केच उरतो, म्हणून भागायचं ०.७५ ने. २०९६ भागिले ०.७५, जवळपास २८ ब्रास. पावणेदोन ब्रासचा फरक आहे, आणि तो कळतो शेवटच्या खोलीत, तेव्हा अर्ध्या गाडीसाठी कुणी यायला तयार नसतं.

आणि २५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही हो. खडा कसा आहे, माती किती आहे, ओल किती, धुम्मस हाताची की मशीनची यावर तो हलतो. म्हणून मी पुस्तकातला आकडा घेऊन सगळा माल एकदम मागवतच नाही, आधी एक खोली भरून बघतो.

गेल्या वेळी असाच प्लॅन होता. गाडीवाला म्हणाला ३ ब्रासची गाडी, मी टेप घेऊन हौदा आतून मोजला: १२ फूट, साडेसहा, साडेतीन. २७३ घनफूट. मग प्रत्येक खेपेला वरचा ढीग फावड्याने फळीबरोबर सपाट करून घेतला, म्हणजे सगळ्या खेपा सारख्या. एका खोलीत २ फुटाला ५२४ घनफूट चोपलेला लागत होता, त्याला अडीच खेपा गेल्या, म्हणजे ६८२ घनफूट. ५२४ भागिले ६८२, ०.७७. हा त्या मुरमाचा, त्या गाडीचा, त्या धुम्मसवाल्या पोराचा आकडा. बाकी ३ खोल्यांना साडेसात खेपा निघाल्या आणि तेवढ्याच मागवल्या.

हे जमायला चोपणं मात्र खरं हवं. भुसभुशीत थर ८ इंचापेक्षा जाड नको, तो बसून ६ च्या आसपास येतो. भिंतीवर आधीच खडूने रेघा मारून ठेवा, नाहीतर पोरं २ फूट एकदम ओततात. ओल बघायला मूठभर मुरूम दाबा, गोळा धरला पाहिजे आणि खाली टाकला की दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत. विस्कटला तर कोरडा, हाताला चिखल लागला तर पाणी जास्त झालंय, मग धुम्मस मारली की बाजूला फुगतो, बसत नाही.

मी एका कामावर घाईत सगळी भरणी एकदम ओतून वरून पाइप सोडला होता. वरचे ६ इंच कडक झाले, चाललं तरी पाय रुतेना, सगळे खूश. पहार मारून बघायची सुचली नाही, मारली असती तर वरच्या पापुद्र्याखाली ती सरसर गेली असती. पावसाळ्यानंतर फ्लोअरिंग भिंतीच्या कडेला खाली बसलं, स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट, टाइल ठोकली की पोकळ आवाज. त्या कामात मुरूम मात्र हिशोबापेक्षा ४ ब्रास कमी लागला होता, आणि मी तेव्हा त्यालाच बचत समजलो होतो. तेव्हापासून खेपा कमी लागल्या की मी आधी पहार मागवतो.