दहाच्या आधीची पाकिटं

फोन आला तेव्हा मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका बेकरीचा मिक्सर खोलून बसलो होतो. पलीकडून थोरले शेट म्हणाले, "मेस्त्री, तुमचं ते पिंप घेऊन जा. आजच्या आज." मागून धाकट्याचा आवाज: "दादा, फोन दे इकडे." मग काहीतरी पडल्याचा आवाज आणि फोन बंद.

मी खाण्याच्या वस्तूंची यंत्रं बसवतो आणि दुरुस्त करतो. 'पिंप' म्हणजे मीच डिचोलीजवळच्या त्यांच्या कारखान्यात बसवलेला फिरता ड्रम. वडील गेले, दुकान दोघांच्या नावावर झालं आणि धाकट्यानं कर्ज काढून हा ड्रम घेतला. त्याबरोबर पाक गरम ठेवणारी, खाली नळ असलेली चाळीस लिटरची टाकी. थोरल्यानं सही केली ती आई म्हणाली म्हणून. ते त्यानं मला यंत्र बसवायच्या दिवशीच सांगितलं होतं, मी न विचारता.

दुकानात लाडू-पेढे सगळं मिळतं, पण नाव आहे ते खाज्यामुळे. गोवा-मालवण सोडलं तर इतरत्र खाजं म्हटलं की पापुद्र्यांची मिठाई डोळ्यांपुढे येते. आमचं खाजं वेगळं. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या तळायच्या आणि आल्याच्या गुळाच्या पाकात घोळायच्या. पाक वाळून वर पांढरट, खरबरीत कवच धरलं की झालं. जत्रेतून घरी येताना हे पुडकं हातात नसेल तर जत्रा झाली असं कोणी मानत नाही.

मी पोचलो तेव्हा पाऊस धो धो लागला होता. वास्कोच्या सप्ताहाची फेरी दोन दिवसांवर होती, दुकान मांडायची जागा ठरली होती, आणि टेबलावर चारशेच्या वर पाकिटं पडली होती. एक फोडलं. कांड्या एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती, बोटांना तार येत होती. कवच काचेसारखं चकचकीत. खाजं चकाकलं की समजावं काहीतरी बिघडलंय. चांगलं खाजं निस्तेज दिसतं.

"बाबांच्या हयातीत असा एक घाणा झाला नाही," थोरला म्हणाला.

"बाबा दिवसाला किती घाणे काढायचे ते पण सांग ना. आणि तुझा खांदा कशानं गेला ते पण सांग."

थोरला गप्प झाला. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वीस वर्षं तप्त गुळात कालथा फिरवलाय त्यानं. हे मला त्या दिवशी कळलं.

मी आधी यंत्र पाहिलं, कारण दोष तिथे असता तर दुरुस्ती माझ्या खिशातून जाणार होती. फेरे बरोबर, टाकीचा तापमानाचा काटा माझ्या थर्मामीटरशी जुळणारा. हवा सर्द होती हे खरं, आणि हिवाळ्यात चाचणीला काढलेला माल उत्तम निघाला होता. तेव्हा दोष पावसावर टाकून मोकळं होणं सोपं होतं. धाकटा तेच म्हणत होता.

तेवढ्यात माझी नजर पाकिटांवरच्या शिक्क्याकडे गेली. धाकट्यानं घेतलेल्या पॅकिंग मशीनवर तारखेबरोबर वेळही उमटते. थोरल्याला त्या शिक्क्याची चीड होती, "खाजं काय बस आहे, वेळ कशाला?" मी वेळेप्रमाणे ढीग लावायला घेतले. साडेआठची पाकिटं कोरडी, हलवली तर खुळखुळ वाजणारी. साडेनऊचीही बरी. दहानंतरची ओलसर, आणि दुपारची सगळी विटा. पाऊस तर पहाटेपासून एकसारखा होता. म्हणजे हवा नव्हे. दहाच्या सुमाराला काहीतरी घडलं होतं.

"दहा वाजता काय केलंत?"

"काही नाही," धाकटा म्हणाला. मग थोडं थांबून, "नळ तुंबला होता."

टाकीतला पाक नळाशी साखरून घट्ट बसला होता. हिवाळ्यात एकच ड्रम काढला होता, त्यामुळे टाकी अर्ध्या तासात रिकामी झाली आणि नळ तुंबायची वेळच आली नाही. या वेळी पाक तासन्तास टाकीत उभा. त्यानं नळ गरम पाण्यानं मोकळा केला, पाकात मगभर पाणी घातलं आणि पुन्हा तुंबू नये म्हणून सहा लिंबं पिळली. गुलाबजामच्या पाकात पिळतात तशी.

थोरला उठून उभा राहिला. "लिंबू? खाज्यात?"

त्याला कारण सांगता आलं नसतं, पण चूक कुठे झाली हे त्याला त्या क्षणी कळलं. कारण मी सांगितलं. लिंबाच्या आंबटपणानं आणि सततच्या उष्णतेनं साखर फुटते, तिचे दोन वेगळे गोड पदार्थ होतात आणि मग पाक साखरत नाही. गुलाबजामला तेच हवं असतं. खाज्याला उलट हवं: गूळ कांडीवर साखरलाच पाहिजे, नाहीतर कवच धरत नाही. शिवाय तो फुटलेला भाग हवेतलं पाणी ओढतो. गोव्याच्या श्रावणात ओढायला काय कमी आहे? आणि लिंबू पिळलं की लगेच सगळी साखर फुटत नाही, वेळ लागतो. म्हणून दहाची पाकिटं नुसती ओलसर होती आणि दुपारची विटा.

"बाबा कायलीत गूळ उरला तर दुसऱ्या घाण्यात घालत नसत," थोरला म्हणाला. "पोरांना वाटून टाकायचे. मला वाटायचं, लाड करतात."

मी म्हटलं, एक घाणा काढूया. टाकी बंद ठेवायची. पाक थोरल्यानं कायलीत करायचा आणि घोळायचं मात्र ड्रममध्ये. त्यानं गूळ वितळवला, गाळला, किसलेलं आलं घातलं. मी थर्मामीटर धरला. तो पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी करायचा आणि ताटलीवर टाकायचा. एकदा मऊ, दोनदा मऊ. तिसऱ्यांदा गोळी ताटलीवर टण्ण वाजली. थर्मामीटर १२३ दाखवत होता. धाकट्यानं आकडा हातावर लिहून घेतला.

दहा किलो कांड्या ड्रममध्ये, वरून सगळा पाक एकदम. गरम हवेचा पंखा मी बंदच ठेवला. पहिली काही मिनिटं सगळं ओलं, काळसर, एकमेकांवर घसरणारं. मग आवाज बदलला. घसरण्याचा होता तो खडखडाट झाला, चकाकी गेली आणि कांड्यांवर पांढरट धूर धरल्यासारखं दिसू लागलं. थोरला ड्रमच्या तोंडाशी कान लावून उभा होता.

भांडण काही मिटलं नाही. चिकटलेली पाकिटं कुणाच्या हिश्शातून जाणार यावर माझ्यासमोरच पुन्हा सुरुवात झाली. टाकी विकायची की ठेवायची यावर तर धाकटा बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. मी हत्यारं भरली. टाकी परत घेता येणार नाही हे मी आधीच सांगितलं, कारण ती विकून मला सहा महिने झाले होते.

गाडीत बसतो तोच थोरला शेट छत्री घेऊन आला. खिडकीतून गरम खाज्याचं पुडकं दिलं, मागे वळून भाऊ ऐकत नाही ना ते पाहिलं.

"मेस्त्री, ते पिंप याहून हळू फिरतं काय? शेवटी शेवटी कांड्यांची टोकं मोडतात."