सव्वाशे फुटांची विहीर आणि दीडशे फुटांवरचं पाणी

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिन्यात विहिरींची पाणीपातळी मोजणं हे माझं काम. एका पाणलोट संस्थेसाठी मी हे काम करते. दूरवर पसरलेल्या काळ्या दगडाच्या मुलुखात विहिरी उथळ असतात, पण तापीच्या गाळाच्या पट्ट्यात आणि डोंगराला लागून तसं नाही. इथे खोलवर माती, वाळू आणि गोट्यांचे थर आहेत. पाणी खाली खाली गेलं तशा विहिरीही खाली गेल्या. माती ढासळू नये म्हणून वरपासून बांधून काढलेल्या, डोकावलं तर तळ न दिसणाऱ्या विहिरी इथे आहेत.

त्या दिवशीची विहीर एका केळीच्या बागेतली होती. मालक आबा सत्तरीचे. माझ्याकडे नेहमीचा ३० मीटरचा टेप होता, टोकाला वजन बांधलेला. तो सोडत गेले, सोडत गेले, आणि टेप संपला तरी पाणी लागलं नाही. लांब टेप त्या आठवड्यात दुसऱ्या गटाकडे होता.

"ताई, त्याची गरजच नाही," आबांचा पुतण्या म्हणाला. बारावी सायन्सचा पोरगा, हुशार. "मी कालच मोजलं. दगड टाकून. दीडशे फुटांवर पाणी आहे. काकांनी त्याच हिशोबाने दुकानात नवा पंप सांगितलाय."

आबांना ते पटलेलं नव्हतं. "अरे, इहीरच सव्वाशे फूट खोदेल आहे. खोदणाऱ्यांची मजुरी मी फुटावर मोजेल आहे. मंग पानी दीडशे फुटावर कसं राहील?"

पोरगा गप्प झाला, पण हटला नाही. त्याने वहीच काढून दाखवली. एका हाताने दगड सोडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करायचं, पाण्याचा आवाज आला की थांबवायचं. आकडे जवळजवळ सारखे होते, शेवटचे सगळे ३.०५ सेकंदांच्या आसपास. शाळेत शिकवलेलं सूत्र बरोबर लावलेलं: पडायला लागलेल्या सेकंदांचा वर्ग केला आणि त्याला ४.९ ने गुणलं की मीटर मिळतात. ३.०५ चा वर्ग ९.३०, गुणिले ४.९ म्हणजे ४५.६ मीटर, म्हणजेच दीडशे फूट. गुणाकारात कुठेही चूक नव्हती. इतक्यांदा टाकूनही तोच आकडा येतोय, मग तो खोटा कसा, असं त्याला वाटत होतं, आणि त्याच्या जागी कुणालाही वाटलं असतं.

दगडाच्या मोजमापाची खरी अडचण इथेच आहे. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली की चूक कमी होते, हे खरं. पण ती चूक कधी इकडे, कधी तिकडे झुकणारी असेल तरच. इथल्या चुका सगळ्या एकाच बाजूला झुकतात. त्या विहीर नेहमी जास्त खोल दाखवतात. शंभर दगड टाकले तरी सरासरी तितकीच खोटी राहते.

पहिली चूक बोटाची. आवाज कानावर पडल्यापासून बोट बटणावर दाबलं जाईपर्यंत साधारण दोन दशांश सेकंद जातात. सोडताना हा उशीर होत नाही, कारण दगड आणि बटण दोन्ही आपल्याच मनाने सुटतात. म्हणजे उशीर फक्त शेवटी जमा होतो. दोन दशांश सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण एवढ्या खोलीवर दगड सेकंदाला २६ मीटरहून जास्त वेगाने जात असतो. त्यामुळे सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे सुमारे अडीच मीटरची चूक. उथळ, तीस फुटांच्या विहिरीत हीच चूक सव्वा मीटरच्या आसपास राहिली असती. विहीर जितकी खोल तितकी तीच बोटाची चूक महाग पडत जाते.

मी पोराला म्हणाले, "स्टॉपवॉच बाजूला ठेव. व्हिडिओ काढू."

त्याआधी आरसा मागवला. दुपारचं ऊन आरशावर घेऊन विहिरीत मारलं की कवडसा थेट पाण्यापर्यंत जातो. आत कुणी उतरलेलं नाही ना, हे दगड टाकण्यापूर्वी असं पाहून घ्यायलाच हवं; आवाज देऊन भागत नाही. आरशाने आणखी एक गोष्ट कळते: पाइप, केबल आणि बांधकामाच्या बाहेर आलेल्या कडा कुठे आहेत, म्हणजे दगड कुठून सोडला तर सरळ पाण्यात जाईल. ही विहीर केळीच्या पाण्याची होती. पिण्याच्या विहिरीत मी दगड टाकत नाही.

दगडही निवडून घेतला. पोरगा बोराएवढे खडे टाकत होता, कारण मोठ्या दगडाने पंपाला लागेल अशी त्याला भीती. भीती रास्त आहे, पण हलक्या खड्याला हवा जास्त अडवते. दोन सेंटीमीटरचा खडा एवढ्या खोलीवर निर्वात जागेतल्या हिशोबापेक्षा जवळजवळ दीड दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. त्याऐवजी सहा सेंटीमीटरचा गोल, जड काळा दगड घेतला तर हा उशीर अर्ध्या दशांशावर येतो. हवेची ही दुसरी चूक, तीही त्याच बाजूची. नंतर लक्षात आलं की वहीतले शेवटचे, ३.०५ चे आकडे त्याने पंप वर ओढून घेतल्यावर अशाच मोठ्या दगडाने घेतलेले होते, त्यामुळे तुलना सरळ करता आली.

त्याने मोबाइल कठड्याला टेकवून धरला, माझा हात आणि विहिरीचं तोंड दोन्ही दिसतील असा. मी दगड कठड्याच्या बरोबरीला धरला आणि ढकल न देता नुसती बोटं उघडली. खालून धप्प असा आवाज आला, मागून त्याचा घुमारा. मग केळीच्या सावलीत बसून व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत पाहिला. सेकंदाला ३० चित्रं असतात, त्यामुळे बोटं उघडल्याचं चित्र आणि आवाज उसळलेलं पहिलं चित्र यांच्यातला वेळ सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत कळतो. म्हणजे चूक एक मीटरच्या आत. घुमाऱ्याला फसायचं नाही, पहिला आवाजच धरायचा. एकदा धप्पच्या आधी ठक असा आवाज आला, म्हणजे दगड बांधकामाला घासून गेला. ते मोजमाप सोडून दिलं. बाकीच्यांचा वेळ २.८६ सेकंद आला.

तेच सूत्र लावलं तर ४० मीटर. नुसत्या बोटाने साडेपाच मीटर वाढवले होते!

"अजून आवाजाचा वेळ जायचाय," मी म्हटलं. ही तिसरी चूक. दगड पाण्यात पडला तरी ते आपल्याला लगेच कळत नाही, आवाज वर यायला वेळ घेतो. विहिरीतली हवा तीसेक अंशांची, तिच्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. पण किती अंतर, हेच तर काढायचंय. मग आधीच्या उत्तराला हाताशी धरायचं. ४० मीटर यायला आवाजाला ०.११४ सेकंद. ते २.८६ मधून वजा केले की पडण्याचा वेळ २.७४६, त्यावरून ३६.९५ मीटर. आता ४० ऐवजी हे अंतर धरून पुन्हा: आवाजाला ०.१०६, उरले २.७५४, खोली ३७.२. तिसऱ्यांदा केलं तर आकडा हलत नाही. पोराने हे स्वतःच केलं आणि उत्तर आपोआप स्थिरावताना पाहून त्याचा चेहरा खुलला.

"बाहेर त्रेचाळीस अंश आहे, मग आवाजाचा वेग नीट काढायला नको?" त्याने विचारलं. इथे नको. ३५० ऐवजी ३४० धरले तर फरक आठ सेंटीमीटरचा पडतो. बोटाच्या पाच मीटरपुढे ते काहीच नाही. कुठे जपायचं आणि कुठे नाही, हे या कामात आधी ओळखावं लागतं.

राहिली हवा. त्या दगडाच्या आकाराला आणि या खोलीला ती सव्वा मीटरच्या जवळपास. म्हणजे पाणी कठड्यापासून ३६ मीटरवर, म्हणजे ११८ फुटांवर, मीटरभर इकडे-तिकडे.

आबांची विहीर सव्वाशे फूट, वर कठडा दीड फुटाचा. आता हिशोब जुळत होता, पण त्याने आबांच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. त्यांना जाणून घ्यायचं होतं पाणी किती उरलंय. दगड फक्त पाण्याचा माथा सांगतो, तळ सांगत नाही. तळापासून माथा वजा केला तर अडीच मीटर येतात, आणि आपल्या माथ्यातच मीटरभराची शंका आहे. त्यावर पाणी आहे म्हणायचं की नाही? दगडाची कुवत इथे संपते.

संध्याकाळी आबांनी शेजारच्या मळ्यातून लांब नायलॉनची दोरी आणवली. टोकाला लोखंडी नट बांधून सोडली. पाण्याला टेकताच हाताला ओझं हलकं लागलं, तिथे गाठ मारली. नट तळावर बसल्यावर दुसरी गाठ. नायलॉन ताणलं की लांबते, म्हणून दोरी जमिनीवर तशीच ताणून धरून माझ्या टेपने दोन टप्प्यांत मोजली. पाणी ३५.९ मीटरवर. तळ ३७.६ मीटरवर. पाणी १.७ मीटर, आणि खाली मीटरभर गाळ.

आबा दोरीच्या दोन गाठींमधलं अंतर हाताने मोजत राहिले. "एवढंच?"

"एवढंच, आबा."

पंपाचं तेव्हाच ठरवावं लागलं. दुकानदाराला दीडशे फुटांवर पाणी असं सांगितलेलं होतं. तेवढ्या उंचीसाठी काढलेला सबमर्सिबल इथे लावला असता तर त्याला कमी चढ मिळून तो जास्त पाणी फेकू लागला असता, मोटर जास्त करंट ओढून तापली असती, आणि पावणेदोन मीटर पाणी आणखी लवकर संपलं असतं. पुतण्याने तिथूनच दुकानात फोन लावून पंप थांबवायला सांगितला. आधी गाळ काढायचा, मग रात्रभरात पाणी किती चढतं ते दोरीने मोजायचं, आणि त्यावर पंप लहान घ्यायचा की विहिरीतच बोअर मारायचं ते पाहायचं, असं ठरलं. आबांनी दोरी विहिरीजवळच्या खोलीत ठेवून घेतली. पोराने वहीतल्या ४५.६ वर काट मारली नाही, त्याच्या खाली क्रमाने ४०, ३७.२, ३६ आणि ३५.९ लिहिले, आणि प्रत्येकाच्या पुढे काय वजा केलं ते.