पाय अधू होता, पण कशामुळे?

"आमच्या खान्देशातल्या जुन्या पुढाऱ्यांच्या चरित्रांत 'लहानपणी देवी आल्या', 'वारं जाऊन पाय अधू झाला' असं हमखास असतं. इतक्या वर्षांनी ते खरं की खोटं हे कसं ठरवता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एका वाक्यात तीन दावे असतात. व्यंग होतं, ते अमुक वयात आलं, आणि तमुक कारणाने आलं. हे तीन दावे वेगवेगळे तपासावे लागतात. पहिला बहुतेक वेळा सिद्ध होतो, दुसरा निम्मा-अर्धा, तिसरा क्वचितच.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडचं नाही, स्टालिनचं आहे. झारच्या पोलिसांनी त्याचं अंगवर्णन टिपून ठेवलं होतं. चेहऱ्यावर देवीचे व्रण, डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. पोलिसांना माणूस ओळखायचा होता, त्याची थोरवी गायची नव्हती, म्हणून ही नोंद घरच्यांच्या आठवणींपेक्षा वजनदार. डावा हात अधू असल्याचा पुरावाही असाच परका आहे. 1917 च्या सुरुवातीला सैन्यभरतीच्या तपासणीत त्याला याच हातामुळे नापास केलं गेलं. म्हणजे हात अधू होता, इथवर शंका नाही. कारणाशी आलं की गाडी अडते. घोडागाडीखाली सापडला, जखम चिघळून सांधा आखडला, जन्मतःच तसा होता, अशा निरनिराळ्या कथा आहेत, आणि लहानपणीचा वैद्यकीय कागद एकही नाही. दहा पुस्तकांत एकच कथा आली तरी मोजताना ती एकच धरायची, कारण बहुधा नवांनी पहिल्याचीच उतरवलेली असते.

वयातही गोम आहे. त्याचा जन्म अधिकृतपणे 1879 चा सांगितला जाई, चर्चच्या नोंदवहीत तो 1878 चा निघाला. मग 'सहाव्या वर्षी देवी आल्या' हे कोणत्या सालात बसवायचं? आपल्याकडे हाच घोळ 1 जूनचा. शाळेच्या जनरल रजिस्टरात अर्ध्या गावाचा जन्म 1 जूनला झालेला असतो, कारण गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली. त्यामुळे आधी गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही (जुन्या लोकांचं कोतवाल बुक) काढायची. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा सोबत हवा. आणि 1906 पूर्वी सगळा खान्देश एकच जिल्हा होता, ठाणं धुळ्याला. त्यामुळे जळगावकडच्या गावाचे तेव्हाचे जिल्हा पातळीवरचे कागद शोधताना धुळं विसरू नका.

जनरल रजिस्टरात आजार सहसा लिहिलेला नसतो, पण त्याची सावली पडलेली असते. नाव कमी केल्याची तारीख, कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर', आणि आठ महिन्यांनी त्याच मुलाचा त्याच इयत्तेत पुन्हा प्रवेश. ही फट घरच्यांनी सांगितलेल्या आजाराच्या काळाशी जुळली, तर दाव्याला आधार मिळतो. पण तेवढ्यावर आजार सिद्ध होत नाही. कापूस वेचायलाही मुलं घरी राहत.

आता शब्द. 'वारं गेलं' म्हणजे अंग लुळं पडलं, एवढंच. नातवाने त्याचा 'पोलिओ' केलेला असतो, आणि तो शब्द आजीच्या तोंडी कधीच नव्हता. म्हणून साक्ष घेताना आजाराचं नाव विचारायचं नाही, घडलं काय ते विचारायचं. आधी ताप होता का? किती दिवसांत पाय गेला? सुई टोचली होती का? 'सुई दिली आणि पाय गेला' हे वाक्य दोन्ही बाजूंना जातं. पोलिओच्या तापात टोचलेल्या सुईने त्याच पायाला लकवा होऊ शकतो, आणि कुल्ल्यावर चुकीच्या जागी बसलेली सुई नसही दुखावते. पोलिओत पाय वाळतो, आखूड राहतो, पण त्याला स्पर्श कळतो. नस गेली असेल तर पाऊल लोंबतं आणि त्या भागात बधिरपणा येतो. 'त्यांना चटका बसला तर कळायचा का?' या एका प्रश्नाचं उत्तर घरातली म्हातारी माणसं बरोबर देतात.

फोटोचा भरवसा धरताना एक काळजी. निगेटिव्ह उलटी छापली की डावा पाय उजवा होतो. कोटाचा छातीवरचा खिसा बघायचा. तो घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतो. समोरून काढलेल्या फोटोत तो बघणाऱ्याच्या डावीकडे दिसला, तर छपाईच उलटी आहे. पाठीमागे पाटी असेल तर अक्षरंच सांगतात.

एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर छापायचं वाक्य असं होतं: 'शाळेत जायला लागण्याआधीपासून त्यांचा उजवा पाय अधू होता; घरचे तापाचं कारण सांगतात, गावातले झाडावरून पडल्याचं.'