बाबांसाठी प्लेटलेट डोनर शोधताना मेसेजच्या पहिल्या दोन ओळींनी काय केलं

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये बाबांना डेंग्यू झाला, पुण्यात ॲडमिट होते. बुधवारी संध्याकाळी काउंट १४ हजारवर आला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की एसडीपी लागेल, डोनर तुम्ही बघा. एसडीपी म्हणजे एकाच माणसाकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट्स, हे मला त्याच दिवशी कळलं.

मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मेसेज लिहिला. "नमस्कार, आपण सर्व कुशल असाल अशी आशा करतो. कळवण्यास वाईट वाटतं की माझे वडील गेले चार दिवस..." असा सुरू झालेला, मग ताप कधी आला, आधी कुठल्या डॉक्टरांना दाखवलं, सगळं, आणि शेवटी "तरी आज रात्री बी पॉझिटिव्ह रक्ताची तातडीने गरज आहे, कृपया मदत करावी". साडेनऊला सहा ग्रुपवर टाकला. अकरापर्यंत हात जोडलेले इमोजी आणि "काळजी घ्या" इतकंच आलं, डोनरचा एकही फोन नाही. खरं सांगतो, लोकांचा खूप राग आला होता.

माझी मावसबहीण नगरला ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, "अरे, माझ्या फोनवर वर फक्त 'नमस्कार, आपण सर्व कुशल असाल' एवढंच दिसलं, मला वाटलं कसलंतरी आमंत्रण असेल, म्हणून उघडलंच नाही." आणि जे उघडतात त्यांनाही लांब मेसेज अर्धाच दिसतो, पुढचं वाचायला परत दाबावं लागतं. माझी मागणी त्या न दिसणाऱ्या भागात होती.

मग तिने फोनवरच नवीन मेसेज सांगितला, मी टाइप करत गेलो:

"बी पॉझिटिव्ह प्लेटलेट (एसडीपी) डोनर हवा, १ जण, पुणे कर्वे रोड, गुरुवार १२ सप्टेंबर सकाळी ७:३० ला पोचणारा.
येऊ शकत असाल तर आत्ता या नंबरवर फोन करा, रात्री कितीही वाजता चालेल."

दुसऱ्या ओळीतच माझा नंबर. त्याखाली एक रिकामी ओळ सोडून हॉस्पिटलचं नाव आणि अटी: वजन ५० किलोच्या वर, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, दोन-अडीच तास वेळ हवा. बाबांच्या आजारपणाची गोष्ट तिने पूर्ण काढायला लावली, मला ते जिवावर आलं होतं.

यात दोन गोष्टी मला स्वतःला कधीच सुचल्या नसत्या. एक म्हणजे वेळ. डॉक्टरांनी दुपारपर्यंत प्लेटलेट्स हव्यात असं सांगितलेलं, मी तेच लिहिणार होतो, पण ताई म्हणाली डोनरचं आधी सॅम्पल घेतात, त्याचा स्वतःचा काउंट आणि बाकी टेस्ट होतात, मग मशीनवर तासभर तरी जातो, त्यामुळे पेशंटला कधी लागणार ते नको लिहूस, डोनरने कधी पोचायचं ते लिही. दुसरी म्हणजे "रक्त" हा शब्द. पहिला मेसेज वाचून शेवटी एक जण रात्री आला खरा, बिचारा दहा मिनिटांत बाटली देऊन निघायच्या तयारीने आलेला, त्याची बाराची गाडी होती. तो परत गेला. चूक त्याची नव्हतीच.

ग्रुपवर टाकलं की दुसरा कोणीतरी जाईल असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून तिने हेही सांगितलं की बी पॉझिटिव्ह माहीत असलेल्यांना एकेकट्याला पाठव, सुरुवातीला नाव घाल. अकरा जणांना पाठवले. ११:५० ला जुन्या ऑफिसमधल्या एकाचा फोन आला, त्याने फक्त "पार्किंग आहे का?" एवढंच विचारलं. सकाळी सव्वासातला तो गेटवर उभा होता, चहा-पोहे खाऊन आलेला. दुपारी पिवळसर पिशवी बाबांना लागली, शुक्रवारी सकाळी काउंट ४१ हजार.

डोनर नक्की झाल्यावर दुसऱ्या मेसेजखाली "डोनर मिळाला, आता फोन नको, आभार" असं टाकलं, तो तिथेच थांबला, आणि पुढे कुठे गेला असेल तरी त्यात तारीख होती. पहिला मात्र फिरतच राहिला, फॉरवर्ड झालेला परत घेता येत नाही, आणि त्यात फक्त "आज रात्री" होतं. रविवारी रात्री नऊला नाशिकहून एका मुलाचा फोन आला, तो बाइकवर निघायच्या तयारीत होता. त्याला थांबवलं, खूप आभार मानले, बाबा तेव्हा घरी मऊ भात खात होते.